बाभळीची काठवट

प्रश्न: आजी गेल्यावर केजकडचं घर आवरलं तेव्हा तिची बाभळीची काठवट मी संभाजीनगरला फ्लॅटवर आणली. तीन-चार महिने नुसती ठेवून दिली होती. आता काढली तर काठाला भेग पडलीय, आतून आंबूस वास येतो, एका जागी काळे डाग आहेत. तरी भाकर करून पाहिली, ती तळाला चिकटते आणि मध्ये कच्ची राहते. घरचे म्हणतात, परात वापर आणि ही शोकेसला ठेव. ही पुन्हा वापरात येईल का?

उत्तर:

येईल. फक्त शोकेसचं तेवढं मनातून काढून टाका, कारण ही काठवट फुटायला लागली ती नुसती ठेवल्यामुळेच.

लातुरात माझी खानावळ आहे. जेवणाच्या दोन्ही वेळेच्या भाकरी काठवटीतच मळल्या आणि थापल्या जातात. दोन काठवटी बाभळीच्या, एक आंब्याची. परातीही आहेत, पण त्या कणकेला. गव्हाला परात चालते, कारण गव्हाच्या पिठात ग्लुटेन असतं, ते स्वतःच स्वतःला धरून ठेवतं. ज्वारीत ते नसतं. ज्वारीचं पीठ एकत्र येतं ते गरम पाण्याने आणि हाताच्या जोराने, आणि तो जोर खाली झेलायला काहीतरी लागतं. काठवट नेमकं तेच करते, म्हणून मला तिचं इतकं कौतुक.

आधी तुमची काठवट नीट बघा. उजेडात धरा. साधारण सव्वा फुटाची, काठ बोटभर जाड, तळ त्याहून जाड, वजनाने चांगली चार-पाच किलो असावी. सुताराने ती एकाच ओंडक्यातून वाकसाने कोरून काढलेली असते. उपडी करून पाठीवर हात फिरवला तर वाकसाचे घाव अजून लागतील, कारण पाठ कुणी फार गुळगुळीत करत नाही. आतली बाजू मात्र वेगळी. ती सुताराने जेवढी साफ केली त्याहून जास्त तुमच्या आजीच्या तळहाताने केलीय. तळाच्या बरोबर मधोमध नाही, तर जराशी पुढे आणि एका अंगाला एक उथळ खळगी असेल. मळताना तळहाताचा मनगटाजवळचा भाग जिथे पुन्हा पुन्हा रेटला जातो ती ही जागा. आजी उजव्या हाताने मळत असेल तर खळगी कुठल्या अंगाला आहे ते बसून हात ठेवलात की लगेच कळेल, हात आपोआप तिथे जातो. ही खळगी लक्षात ठेवा, तुमची भाकर मध्ये कच्ची राहते त्याचा हिशेब तिच्यापाशी आहे.

आता ती काम कसं करते ते सांगते, म्हणजे पुढची डागडुजी कशासाठी करायची ते समजेल.

एका भाकरीला मी शंभरेक ग्रॅम पीठ घेते, चांगल्या दोन मुठी. आधणाचं पाणी पिठाच्या मधोमध ओतायचं, उलथण्याने एकत्र करायचं, हात सोसेल इतकं निवलं की मळायला घ्यायचं. गरम पाण्याने पिठातला स्टार्च थोडा शिजतो आणि चिकटपणा येतो. तो उबेत असतानाच मळून घ्यायचा असतो. लाकूड उष्णता सावकाश ओढतं, म्हणून काठवटीत उंड्याची ऊब टिकते. थंडीत, पहाटेच्या वेळी गार परातीत हेच पीठ मळून बघा, खालची बाजू आधी निवते आणि उंडा फुटायला लागतो.

मळणं म्हणजे रेटणं. पीठ पुढे रेटायचं, बोटांनी मागे ओढायचं, परत रेटायचं. परात या जोराने पुढे सरकते, गोल फिरते, वाजते. मग बाई पायाच्या अंगठ्याने नाहीतर गुडघ्याने ती अडवते. काठवट जागची हलत नाही. तिचं वजन कामी येतं, आणि सगळा जोर पिठातच जातो. दोन-तीन मिनिटांनी उंडा चपटा करून काठ बघायचा. काठाला चिरा पडल्या तर अजून मळायचं किंवा पाण्याचा हात लावायचा, चिरा नाहीत तर झालं.

थापताना लाकडाचा दुसरा गुण दिसतो. खाली कोरडं पीठ पसरायचं, त्यावर उंडा ठेवून बोटांनी आणि तळव्याने थापत जायचं, तशी भाकर आपली आपण फिरत राहते. ती फिरण्यासाठी खालच्या पृष्ठभागाने तिला थोडं धरलं पाहिजे आणि थोडं सोडलं पाहिजे. स्टीलच्या गुळगुळीत तळावर कोरडं पीठ एका बाजूला सरकून जातं, उघड्या पडलेल्या जागी ओलाव्याचा थर बसतो आणि भाकर तिथेच घट्ट बसते. लाकडाच्या बारीक रंध्रांत पीठ अडकून राहतं, आणि उंड्यातून सुटलेला थेंबभर ओलावा लाकूड पिऊन टाकतं. म्हणून काठवटीतली भाकर शेवटपर्यंत फिरते. नंतर ती अशी उचलायची की पिठाची बाजू तव्यावर वर येईल, मग त्या बाजूला पाण्याचा हात फिरवला की कोरडं पीठ धुऊन निघतं आणि पापुद्रा सुटतो.

बायका सांगतात ते सगळंच खरं नसतं, हेही सांगून टाकते. काठवटीने भाकरीला वेगळी चव येते असं काही जणी छातीठोक सांगतात. मला तरी ती कधी लागली नाही. चव ज्वारीची असते. चांगली मालदांडी किंवा परभणी मोती असेल आणि पीठ आठवड्यातलं असेल तर परातीतली भाकरही गोड लागते. काठवट चव देत नाही, ती हाताचं काम हलकं करते. वीस-पंचवीस भाकरी थापायच्या असतील तेव्हा खांदा आणि मनगट हे सांगतात, दोन भाकरी करणाऱ्याला कदाचित फरक जाणवणारही नाही.

आता भेगेकडे येऊ. तुमच्या आजीकडे ती इतकी वर्षं धड राहिली आणि तुमच्याकडे काही महिन्यांत तडकली, यात तुमचा दोष नाही, लाकडाचा स्वभाव आहे. लाकूड हवेतला दमटपणा घेतं आणि सोडतं, त्यानुसार फुगतं आणि आकसतं. आजीच्या घरात काठवटीला रोज पिठाचा ओलावा मिळत होता. थोडा आत जायचा, रात्रभरात थोडा बाहेर यायचा. फ्लॅटमध्ये तो रोजचा घोट बंद झाला, वर आपल्याकडचा कोरडा उन्हाळा, डोक्यावर पंखा. लाकूड सगळ्या बाजूंनी सारखं वाळत नाही. जिथे धाग्यांची तोंडं उघडी असतात, म्हणजे ओंडका जिथे आडवा कापलेला असतो त्या दोन टोकांना, तिथून ओलावा सगळ्यात लवकर उडतो. टोक आकसतं, मधला भाग अजून आकसलेला नसतो, आणि त्या ओढाताणीत टोकाला भेग पडते. तुमची भेग काठाच्या अशाच टोकाला, धाग्याच्या दिशेने आत गेलेली असणार. धाग्याला आडवी गेलेली भेग असेल तर मात्र ती आपटून पडलीय, वाळून नाही.

भेग किती खोल आहे ते आधी बघायचं. काठवट उजेडासमोर धरा. उजेड आरपार दिसला तर तडा पूर्ण आहे. दिसला नाही तर भेगेच्या आतल्या बाजूने पाण्याचे चार-पाच थेंब सोडा आणि बाहेरच्या बाजूला कोरडं फडकं लावून दहा मिनिटं थांबा. फडकं ओलं झालं तरीही तडा आरपारच समजा. कोरडं राहिलं तर भेग वरवरची आहे. बोटाच्या गाठीने ठोकूनही अंदाज येतो. धड काठवट खणखणीत बोलते, तडा मोठा असेल तर आवाज फाटतो. भेगेचं टोक कुठे संपतं तिथे पेन्सिलने बारीक खूण करून ठेवा. पुढच्या महिनाभरात भेग खुणेच्या पुढे गेली तर ती अजून चालू आहे, तिथेच राहिली तर लाकूड स्थिरावलं.

वास त्या भेगेतलाच असण्याची शक्यता जास्त. भेगेत जुनं पीठ अडकतं, ओलं होतं, आंबतं. तुम्ही भाकर करून बघितली तेव्हा नवीन पीठही आत गेलं. बांबूची बारीक काडी टोकदार करून भेगेतून सगळं उकरून काढा. लोखंडी सुई किंवा चाकू नको, कारण खाली सांगते. मग जाडं मीठ आणि कडकडीत नसलेलं गरम पाणी घेऊन नारळाच्या शेंडीने धाग्याच्या दिशेने घासा, लगेच पाणी फेकून कोरड्या फडक्याने पुसा. पाण्यात बुडवून ठेवायची नाही, सिंकमध्ये तर अजिबात नाही. एक प्रकारचा वास मात्र वेगळा असतो, आंबूस नाही, खवट, जुन्या तेलासारखा. बाजरीत ज्वारीपेक्षा तेलाचा अंश जास्त, तो लाकडात उतरून खवट होतो. आमच्याकडे येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाला, बाजरीचे उंडे होतात, त्या दिवशी काठवट दोनदा मिठाने घासल्याशिवाय मी उभी करत नाही. आजीकडे हिवाळाभर बाजरी चालत असेल तर तुमचा वास हाही असू शकतो. तो एका घासण्यात जात नाही, दोन-तीन दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा घासावं लागतं.

काळे डाग बुरशीचे आहेत असं समजून घाबरू नका, आधी ओळखा. बाभळीची साल कातडं कमवायला वापरतात ती तिच्यातल्या तुरट द्रव्यासाठी. तो तुरटपणा सालीइतका नसला तरी लाकडातही असतो, आणि त्याला ओलं लोखंड लागलं की शाईसारखा निळसर-काळा डाग पडतो. ओल्या काठवटीत कुणी लोखंडी उलथणं किंवा विळी टेकवून ठेवली असेल तर तिच्याच आकाराचा डाग उमटतो. असा डाग हाताला लागत नाही, त्याला वास नसतो, कापलेल्या लिंबाने चोळला की फिका पडतो. पूर्ण जाईलच असं नाही, आणि गेला नाही तरी खाण्याला काही बाधा नाही. बुरशी मात्र बोटाला लागते, ठिपक्याठिपक्यांनी वाढते, तिला कोंदट वास असतो. ती असेल तर मिठाने घासून, पुसून, सकाळच्या कोवळ्या उन्हात अर्धा तास दोन्ही बाजू फिरवून धरा. दुपारच्या उन्हात ठेवली तर बुरशी जाईल आणि भेगही वाढेल. खायचा सोडा लावू नका, त्याने बाभूळ आणखी काळवंडते.

साफ झाली की लगेच भेग बुजवायला धावू नका. हीच घाई बहुतेक जण करतात. कोरड्या दिवसांत भेग सगळ्यात रुंद असते. तेव्हाच तिच्यात कडक काहीतरी ठासून भरलं आणि पावसाळ्यात लाकूड फुगलं, तर त्याला मिटायला जागा उरत नाही. मग ते शेजारी नवी चीर काढतं. म्हणून आधी आठ-पंधरा दिवस लाकडाला शांत होऊ द्या. स्वयंपाकघरातल्या सावलीच्या कोपऱ्यात, पंख्याच्या झोतापासून दूर, भिंतीला टेकवून उभी ठेवा. भेगेच्या टोकाला रात्री पिळून काढलेलं ओलसर फडकं गुंडाळा, सकाळी काढा. बरीचशी वरवरची भेग यानेच निम्मी मिटते. तुम्हाला पेन्सिलच्या खुणेशेजारी ते दिसेल.

मग तेल. इथे तेलाची निवड महत्त्वाची आहे. शेंगदाण्याचं तेल लाकडात सुकत नाही, चिकट राहतं आणि काही दिवसांनी खवट होतं. खोबरेलही सुकत नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन जे तेल घट्ट होतं, तेच लाकडात टिकतं. आपल्या भागात त्यासाठी जवस आहे, आणि जवस नसेल तर करडई. जवस जास्त चांगलं सुकतं. घाण्यावरचं खाण्याचं तेल आणा. रंगाच्या दुकानात उकळलेलं जवसाचं तेल म्हणून मिळतं ते नको, त्यात लवकर सुकण्यासाठी धातूंची द्रव्यं घातलेली असतात, ती भाकरीत जायला नकोत.

तेल कोमट करा, फडक्याने आतून-बाहेरून पातळ हात द्या, टोकांच्या उघड्या धाग्यांना दोन-तीनदा जास्त पाजा. तिथे ते कसं ओढलं जातं बघत राहावंसं वाटतं. अर्ध्या तासाने वर राहिलेलं सगळं पुसून घ्या. राहिलेलं तेल लाकडाच्या वर सुकून चिकट पापडी धरतं. चार-पाच दिवस हवेशीर सावलीत उभी ठेवायची, हाताला तेल लागेनासं झालं की दुसरा हात. असे तीन हात पुरतात. आता एक गोष्ट अगदी जपून करा. जवसाचं तेल लागलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. हे तेल सुकताना उष्णता सोडतं, आणि गोळा झालेल्या फडक्यात ती कोंडली तर फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. ती फडकी बाहेर पसरून एकेरी वाळत घाला किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

तिन्ही हात सुकल्यावर जी भेग उरेल ती मेणाने बुजवायची. मधमाश्यांचं शुद्ध मेण एक चमचा आणि जवसाचं तेल तीन चमचे, वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून वितळवा. मेण थेट आचेवर ठेवायचं नाही. निवून लोण्याइतकं मऊ झालं की बोटाने भेगेत दाबून भरा, दुसऱ्या दिवशी वरचं खरवडून सपाट करा. मेण मऊ असतं, लाकूड फुगलं की ते दबतं, आकसलं की परत थोडं भरावं लागतं. वर्षातून एकदा, होळीच्या आसपास, उन्हाळा तापायच्या आत, हे बघून घ्या. लाकडाचा पांढरा डिंक भरू नका. तो ओल्याने मऊ होतो आणि खाण्याच्या भांड्यात शोभत नाही.

तडा आरपार असेल तर मेण पुरणार नाही. मग सुतार गाठा आणि बाहेरच्या बाजूने भेगेला आडवी पितळेची किंवा तांब्याची पट्टी बसवून घ्या. खिळेही पितळेचेच. लोखंडी पट्टी मारली तर बाभळीत तिच्याभोवती तोच काळा डाग पसरतो आणि खिळा गंजून सैल होतो. सुताराला हेही सांगा की खिळ्याआधी बारीक भोक पाडून घे. वाळलेली बाभूळ दगडासारखी असते, सरळ खिळा ठोकला तर दुसरी चीर पडेल. पट्टी भेगेचं तोंड धरून ठेवते, भेग मिटवत नाही, एवढीच तिच्याकडून अपेक्षा ठेवा.

आता कच्ची राहणारी भाकर. तळावर आडवी पट्टी ठेवा, शाळेतली एक फुटाची चालेल. खळगीच्या जागी पट्टीखाली फट किती दिसते? नखाच्या जाडीएवढी असेल तर काही करायला नको, थापताना भाकर थोडी बाजूच्या सपाट भागावर घ्या. फट त्याहून खोल असेल तर भाकरीचा मधला भाग त्या खळगीत उतरून जाड राहतो. काठ शेकून कडक होतात तरी मध्ये कच्ची. मग सुताराकडून तळ तासून घ्यावा लागतो. तळाची जाडी पुरेशी आहे ना ते आधी बघा. एक बोट तरी तळ शिल्लक राहिला पाहिजे. पालथी ठेवलेल्या काठवटीची जमिनीपासूनची उंची मोजा, त्यातून आतल्या बाजूची खोली वजा करा, जाडी मिळेल. आजीच्या हाताची खळगी तासायला जीव होत नसेल तर नका तासू. मळायला ही काठवट आणि थापायला पोळपाट अशी वाटणी करणाऱ्या कितीतरी जणी आहेत. मी स्वतः एका काठवटीचं तेच करते.

चिकटण्याचं कारण बहुतेक वेळा काठवटीत नसून पिठात असतं. महिना-दीड महिना जुन्या ज्वारीच्या पिठाची विरी गेलेली असते, ते गरम पाणी घालूनही धरत नाही. मग आपण पाणी वाढवतो, उंडा सैल होतो आणि तळाला बसतो. ताजं पीठ आणा, पाच-सात दिवसांपुरतंच दळा. तेलाच्या हातांनंतर पहिल्या एक-दोन भाकरी मात्र चिकटल्यासारख्या होतील, कारण रंध्रं तेलाने भरलेली असतात. त्यासाठी पहिल्या दिवशी मूठभर कोरडं पीठ तळावर चोळा, पाच मिनिटं ठेवा, झटकून टाका. दुसऱ्या दिवशी हे लागणार नाही.

रोजचं धुणं जवळजवळ नाहीच. भाकरी झाल्या की तळाला चिकटलेलं पीठ ओलं असतानाच लाकडी किंवा प्लास्टिकच्या खरवडणीने काढायचं, कोरड्या पिठाने चोळायचं, ओलसर फडक्याने पुसून भिंतीला तिरकी उभी करायची. जमिनीवर पालथी घातली तर आतली बाजू ओली राहते आणि पाठ वाळते, मग काठवट वाकडी होते आणि ठेवली की डुलते. आठवड्यातून एकदा गरम पाण्याने धुवा, तेवढं पुरे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं तेव्हा आमच्या खानावळीत परातींचा ढीग घासायला पाणी नव्हतं, काठवटी मात्र तांब्याभर पाण्यात ओल्या फडक्यावर निभावल्या.

फ्लॅटमधली खरी अडचण उंचीची आहे. काठवट जमिनीवर बसून वापरायची वस्तू. ओट्यावर ठेवली तर तिच्या काठाची उंची कंबरेच्या वर जाते, खांदे उचलून मळावं लागतं आणि सगळं कौतुक दोन दिवसांत संपतं. खाली पाटावर बसणं जमत असेल तर उत्तम. गुडघे ऐकत नसतील तर गुडघ्याच्या किंचित वर येईल असं बुटकं, मजबूत टेबल आणि समोर स्टूल घ्या. काठवटीखाली कोरडं सुती फडकं दुमडून ठेवा, म्हणजे फरशीवर आणि टेबलावर ती सरकणार नाही. ओट्यावरच उभं राहून करायचं असेल तर मग खरंच परात घ्या, त्यात काही कमीपणा नाही.

आणि शेवटी एक तपासणी, जी मी सगळ्यात आधी सांगायला हवी असं काही जणी म्हणतील. काठवट पांढऱ्या कागदावर दोन दिवस उभी ठेवा. कागदावर पिठासारखा बारीक भुसा पडला आणि लाकडात टाचणीच्या टोकाएवढी गोल भोकं दिसली, तर आत भुंगा आहे. तो सालीजवळच्या फिकट लाकडात शिरतो, मधल्या तांबूस गाभ्यात सहसा जात नाही. भोकं फक्त काठाच्या फिकट पट्ट्यात असतील तर सुताराकडून तो पट्टा उतरवून घेता येतो, काठवट थोडी लहान होईल. भोकं तळापर्यंत असतील तर तिच्यात पीठ मळू नका, आणि कीटकनाशक मारून ती वापरात आणायचा विचारही करू नका. तेव्हा नवी घ्यायची. नवी घेताना टोकाला दिसणारी लाकडाची वर्तुळं बघा. वर्तुळांचा मधला ठिपका काठवटीतच कुठे दिसत असेल तर ती आज कितीही सुरेख दिसो, पहिल्या-दुसऱ्या उन्हाळ्यात त्या ठिपक्यापासून फाटणार. लाकूड वर्तुळाच्या दिशेने जास्त आकसतं आणि केंद्राच्या दिशेने कमी, त्यामुळे मधला ठिपका आत ठेवलेलं गोल लाकूड वाळताना फाटल्याशिवाय राहत नाही. नुसत्या कमानी दिसाव्यात, ठिपका नाही. तुमच्या आजीच्या काठवटीची टोकंही एकदा अशी बघून घ्या. कमानीच असतील तर भेग मेणाने धरेल, ठिपका असेल तर थेट पितळी पट्टीच मारून घ्या.